माल किती दिवस पडून आहे, ते एकदा मोजा

स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माझ्या बंधूभगिनींना आणि लहान कारखाने चालवणाऱ्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. या महिन्याच्या अखेरीस एक वही, कॅल्क्युलेटर आणि बिन कार्डं घेऊन दोन तास बसा, आणि प्रत्येक वस्तूचा साठा वर्षात किती वेळा फिरला ते काढा. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. पण तो वस्तूवार करायचा असतो, आणि आपण नेमकं तेच टाळतो.

वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक वर्षभरातली खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा केला की वर्षाचा वापर निघतो. सुरुवातीचा आणि अखेरचा साठा मिळवून दोनाने भागला की सरासरी साठा निघतो. वापराला सरासरी साठ्याने भागलं की उलाढालीचं गुणोत्तर हाती येतं, म्हणजे माल वर्षात किती वेळा फिरला हे कळतं. मग 365 ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तितके दिवस पुरेल एवढा माल आपण सरासरीने रॅकवर ठेवून बसलो आहोत. गुणोत्तरापेक्षा हा दिवसांचा आकडा साहेबांना आणि मालकांना चटकन पटतो, म्हणून त्यांच्यासमोर तोच ठेवा.

मी बरीच वर्षं एका मशीन शॉपच्या स्टोअरमध्ये होतो. तिथलाच प्रसंग सांगतो, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. लोखंडी राउंड बारचा साठा वर्षाच्या सुरुवातीला 40,000 रुपयांचा होता, खरेदी 5,50,000 ची झाली आणि अखेरीस 50,000 चा माल उरला. वापर झाला 5,40,000, सरासरी साठा 45,000, म्हणजे माल बारा वेळा फिरला आणि साधारण 30 दिवसांचा साठा राहिला. आमचा व्यापारी आठ-दहा दिवसांत माल पोचवायचा, त्यामुळे महिन्याचा साठा थोडा जास्त असला तरी चालण्यासारखा होता.

आता ऑइल सील पाहा. सुरुवातीला 70,000, खरेदी 35,000, अखेरीस 80,000. वापर फक्त 25,000 आणि सरासरी साठा 75,000. गुणोत्तर एक-तृतीयांश, म्हणजे साठा 1,095 दिवसांचा. तीन वर्षं पुरतील एवढे सील रॅकवर असताना त्याच वर्षी आम्ही वापरापेक्षा जास्त सील विकत घेतले होते!

हे आधी कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण आम्ही दोन्हींचा हिशेब एकत्र करत होतो. एकत्र केलं की वापर 5,65,000 आणि सरासरी साठा 1,20,000, गुणोत्तर पावणेपाचच्या जवळ आणि साठा अडीच महिन्यांचा. ते पाहून कुणीही म्हणेल, बरं चाललंय. पळणाऱ्या मालाच्या पाठीवर बसून पडलेला माल लपून राहतो. म्हणूनच म्हणतो, संपूर्ण स्टोअरचं एकच गुणोत्तर काढून समाधान मानू नका.

सीलचा आकडा पाहिल्यावर मी कार्डं उलटायला बसलो. एका कार्डावर शेवटच्या इश्यूची तारीख 26 महिन्यांपूर्वीची होती आणि शिल्लक 500 नग, नगाला 60 रुपये धरले तर 30,000 चा माल. ते कार्ड एका जुन्या गिअरबॉक्सच्या कंपनीच्या पार्ट नंबरने उघडलेलं होतं. तो गिअरबॉक्स भंगारात गेला होता, पण सील तिथेच राहिले. मी एक सील काढून व्हर्नियरने मोजला. आतला व्यास 35, बाहेरचा 52, जाडी 7 मिलिमीटर. पुढच्याच रॅकवर ‘35×52×7’ या मापाच्या नावाने दुसरं कार्ड होतं आणि त्यावर माल नेहमी अपुरा! मेंटेनन्सची पोरं मापाने मागायची, आम्ही मापाचं कार्ड पाहायचो, शिल्लक कमी दिसली की इंडेंट पाठवायचो. तोच सील दोन नावांनी नांदत होता, आणि एका नावाची भूक भागवायला बाजारातून माल येत होता.

सावकाश फिरणाऱ्या मालामागे मला वारंवार सापडलेलं कारण हेच: एका वस्तूची दोन नावं. म्हणून हळू फिरणारी वस्तू सापडली की तिच्या मापाचा, ग्रेडचा आणि उपयोगाचा जोडीदार दुसऱ्या कार्डावर आहे का, हे आधी शोधा. एकेका कार्डाचं गुणोत्तर तेवढं पाहिलं असतं तर मापाचं कार्ड छान फिरताना दिसलं असतं, आणि दुसरं जुना माल म्हणून सोडून दिलं गेलं असतं. म्हणून कार्डाचा आकडा काढाच, पण एका जातीच्या वस्तूंचा गटही करून पाहा.

पडून राहण्याची किंमत नुसत्या व्याजाची नसते. समजा बँकेच्या कर्जावर 12 टक्के व्याज पडतं, तर 75,000 च्या सीलवर वर्षाला 9,000 रुपये जातात. पण त्याखेरीज रबर जुनं होतं. आमचे काही सील खिळ्याला टांगलेले होते, त्यांच्या ओठाचा आकार बिघडला होता आणि ते बसवले असते तर तेल गळलंच असतं. सील टांगायचे नसतात, सपाट आणि उन्हापासून दूर ठेवायचे असतात. वेल्डिंग रॉड ओल धरतात, रंगाची मुदत संपते, सिमेंटचे खडे होतात. म्हणून अशा मालाचे दिवस काढताना त्याची मुदत शेजारी लिहा. दिवसांचा आकडा मुदतीपेक्षा मोठा असेल, तर तो माल वापरण्याआधीच वाया जाणार.

दोन ठिकाणी मात्र हा आकडा फसवतो. पहिलं म्हणजे 31 मार्चला साठा मुद्दाम कमी ठेवला असेल, तर दोन टोकांची सरासरी खोटी पडते. अशा वेळी दर महिनाअखेरची शिल्लक घेऊन सरासरी काढा. साखर कारखान्यात तर गाळपाआधी स्टोअर भरलेलं असतं आणि हंगामानंतर रिकामं, तिथे हे करावंच लागतं. दुसरं म्हणजे मोठ्या यंत्राचा एखादा शाफ्ट पाच वर्षं हलला नाही तरी तो ठेवावा लागतो, कारण तो मिळायला काही महिने लागतात आणि तोवर कारखाना बंद राहील. अशा वस्तूंची वेगळी यादी करा, पण प्रत्येकीसमोर मेंटेनन्सच्या जबाबदार माणसाची सही आणि कारण घ्या. ‘लागेल कधीतरी’ हे कारण धरू नका.

आमच्या सीलचं पुढे असं झालं. दोन्ही कार्डं एक केली, त्या मापाची खरेदी थांबवली. 500 मधले 40 ओठ वाकलेले म्हणून बाजूला काढले. वर्षाला 150 लागत होते, म्हणून दोन वर्षांचे ठेवून उरलेले 160 व्यापाऱ्याने कमी भावात परत घेतले. पुढच्या वर्षी गटाचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा दिवस बरेच खाली आले होते. तरीही ते जास्तच होते, म्हणून आम्ही पुढचं माप तपासायला घेतलं.