भीती घालवणारी जाहिरात आणि ‘वेदनारहित’ हा शब्द

नवा दंत दवाखाना सुरू झाला की तीस सेकंदांची एक जाहिरात हमखास तयार होते. तिचा मजकूर साधारण असा असतो : ‘दातदुखीला करा टाटा! शहरातला नंबर एक दवाखाना. शंभर टक्के वेदनारहित उपचार. पहिल्या 50 जणांना तपासणी मोफत. आजच या!’ मागे खुशीचे संगीत वाजते आणि पडद्यावर पांढरेशुभ्र दात चमकतात. दाताच्या डॉक्टरकडे जायला घाबरणाऱ्या माणसाने हा मजकूर ऐकून पाऊल उचलावे, अशी दवाखान्याची अपेक्षा असते. पण हा मजकूर व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही आणि भीती कमी करण्याच्या कामीही येत नाही.

आचारसंहितेचा मुद्दा सरळ आहे. भारतीय दंत परिषदेच्या 2014 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णांना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरातबाजी करणे हे दंतवैद्याचे गैरवर्तन ठरते. औपचारिक निवेदनाला मात्र वाव आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही काळ बंद राहून पुन्हा उघडला, हे जाहीर करता येते. म्हणजे माहिती देण्याला अटकाव नाही, आमिषाला आहे. ‘नंबर एक’ ही सिद्ध न होणारी बढाई झाली. ‘पहिल्या 50 जणांना’ ही तर दुकानाची भाषा झाली.

‘शंभर टक्के वेदनारहित’ हा दावा जास्त गंभीर आहे, कारण तो नेमक्या घाबरलेल्या माणसाच्याच बाबतीत खोटा ठरण्याचा संभव अधिक असतो. दात बधिर करण्यासाठी बहुधा लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. ते वेदना थांबवते, पण दाब आणि थरथर जाणवतच राहते. शिवाय जिथे पू झालेला असतो किंवा सूज असते, तिथला भाग आम्लधर्मी बनतो. अशा ठिकाणी औषधाचा मज्जातंतूत शिरू शकणारा अंश घटतो आणि बधिरता अपुरी राहू शकते. भीतीने वर्षभर टाळाटाळ केलेला माणूस अनेकदा याच अवस्थेत येतो. वेळेवर आला असता तर छोट्या कीडेवर सहज भागले असते. उशिरा आल्यामुळे इंजेक्शन दोनदा द्यावे लागते, कधी आधी पू बाहेर काढावा लागतो. त्याला ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगून बोलावले आणि दुखले, तर त्याची भीती पक्की होते. तो पुन्हा टाळतो, पुढच्या वेळी आणखी उशिरा येतो.

मग घाबरलेल्या माणसाला सांगायचे काय? दातांच्या उपचाराची भीती मोजण्यासाठी 1995 पासून पाच प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. तिच्यातले शेवटचे तीन प्रश्न यंत्राने दात कोरणे, दात साफ करणे आणि इंजेक्शन यांविषयी आहेत. पहिले दोन मात्र खुर्चीवर बसण्याआधीचे आहेत : उद्या जायचे आहे हे कळल्यावर कसे वाटेल, आणि बाहेर वाट पाहत बसल्यावर कसे वाटेल? म्हणजे भीती घरीच सुरू होते. आत काय होणार हे ठाऊक नसते आणि तोंड उघडून आडवे पडल्यावर आपल्या हातात काही उरणार नाही, असे वाटते. जाहिरातीला कमी करता येण्यासारख्या गोष्टी याच दोन. वेदनेची हमी तिला देता येत नाही. पहिल्या भेटीचा क्रम आणि थांबवण्याचा हक्क सांगता येतो.

या विचाराने तोच मजकूर पुन्हा लिहिला तर कसा होईल, ते पाहू. मराठीत सावकाश वाचले तर तीस सेकंदांत साठेक शब्द बसतात. पडद्यावर सरळ उभी केलेली खुर्ची आणि समोरासमोर बसून बोलणारी दोन माणसे. सुई नाही, यंत्राची घरघर नाही, कारण त्या आवाजानेच अनेकांच्या पोटात गोळा येतो. निवेदन असे :

‘दाताच्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते? पुष्कळांना वाटते. पहिल्या भेटीत आधी बोलणं होईल, मग छोट्या आरशाने दात पाहिले जातील. गरज असेल तरच एक्स-रे. कोणता उपचार, किती वेळ, किती खर्च, हे आधी सांगू. तुम्हाला विचारल्याशिवाय काही सुरू होणार नाही. मध्येच थांबायचं वाटलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबू. दवाखाना सोमवारपासून सुरू. भीती वाटते हे फोनवरच सांगितलंत तरी चालेल.’

शेवटी डॉक्टरांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि वेळ.

यात ‘पहिल्या दिवशी उपचार करणारच नाही’ असे वाक्य नाही, याकडे लक्ष द्यावे. ते मोहक आहे, पण पाळता येणारे नाही; ठणका लागलेल्या माणसाला त्याच दिवशी आराम द्यावा लागतो. म्हणून ‘विचारल्याशिवाय सुरू होणार नाही’ एवढेच वचन दिले आहे. ‘या’ असा आग्रहही नाही. निमंत्रण शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते ऐकणाऱ्याकडून सर्वांत कमी धैर्य मागते : यायचे नाही, फक्त फोन करायचा. खर्चाचा उल्लेख सवलतीसाठी नाही. किती बिल होईल ही धास्तीही भीतीतच मिसळलेली असते, म्हणून तो आहे.

अशा मजकुराची मर्यादाही ओळखली पाहिजे. गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड पुरते न उघडणे, गिळताना त्रास, ही लक्षणे असतील तर सावकाश ओळख करून घेण्याची वेळ नसते. त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठावे लागते. ज्याला दवाखान्याच्या नावानेच घाम फुटतो, श्वास अडकतो, त्यालाही तीस सेकंदांचे निवेदन पुरणार नाही. त्याला काही भेटींत हळूहळू सवय करून द्यावी लागते, कधी मानसोपचारतज्ज्ञाची मदत लागते.

सर्वांत मोठी अट दवाखान्यावरच आहे. फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘घाबरायचं काय त्यात!’ असे म्हटले की जाहिरात तिथेच खोटी पडते. हात वर केल्यावर ‘झालंच, एक मिनिट’ म्हणत यंत्र चालू राहिले, तरी तेच. म्हणून हा मजकूर आधी दवाखान्यातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावा आणि जे पाळता येणार नाही ते वाक्य खोडावे. वाचकांनाही दंत दवाखान्याची कुठलीही जाहिरात याच कसोटीवर पाहता येईल. आत गेल्यावर काय होईल हे ती सांगते, की काहीच जाणवणार नाही अशी हमी देते? हमी देणाऱ्यापेक्षा क्रम सांगणाऱ्या दवाखान्याला आधी फोन करावा.