हवेतले फ्लॅट

नोएडा-ग्रेटर नोएडातून जाताना दारं-खिडक्या नसलेले अर्धवट टॉवर तुम्ही पाहिले असतील. त्यामागची तेजी खोट्यावर सुरू झाली नव्हती. दिल्लीत घरं परवडत नव्हती आणि 2009 मध्ये मेट्रो नोएडात पोहोचली. आधी घर घेणाऱ्यांचा हिशेब बरोबर ठरला. ते पाहून बाकीचे धावले.

प्राधिकरण बिल्डरांना किमतीचे 10 टक्के घेऊन जमीन देऊ लागलं. काही बिल्डरांनी एका प्रकल्पाच्या बुकिंगचे पैसे दुसरीकडे वळवले. अनेक ग्राहकही थोडी रक्कम भरून फ्लॅट बुक करत आणि ताब्याआधीच चढ्या भावाने विकत. त्यांना राहायचं नव्हतंच, फक्त पुढचा गिऱ्हाईक हवा होता. माझ्या मते फुगा इथेच ओळखावा.

मुंबईने हे आधीच पाहिलं होतं. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर लोकांनी जमीन पाण्याखाली असतानाच चढवले. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा पैसा आटला आणि सगळं कोसळलं.

नोएडात नवी बुकिंग आटली, तशी जुनी बांधकामं थांबली. 23 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्रपाली समूहाची रेरा नोंदणी रद्द करून अपुरी घरं एनबीसीसीकडे सोपवली. तोवर हजारो कुटुंबं न मिळालेल्या घराचा हप्ता आणि राहत्या घराचं भाडं, दोन्ही भरत होती.