पडद्यातलं बोरॅक्स आणि सोफ्यातलं ब्रोमीन



डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. रंगमंच, मखमली पडदा, हॅलोजनचे दिवे, मागे वायरींचं जाळं. आमच्या शाळेचा पडदा जाड सुती कापडाचा आहे. घेताना दुकानदाराने ‘अग्निरोधक’ असा शिक्का असलेला कागद दिला होता. तो कागद ऑफिसच्या फाईलमध्ये अजून व्यवस्थित आहे. पडदा मात्र त्यानंतर दोनदा धुवून झाला.

गेल्या वर्षी मला शंका आली म्हणून पडद्याच्या खालच्या दुमडीतून एक पट्टी कापली. 30 सेंटिमीटर लांब, साधारण 8 सेंटिमीटर रुंद, वजन 10 ग्रॅम. प्रयोगशाळेत खाली वाळूचा ट्रे ठेवला, बाजूला पाण्याची बादली ठेवली, पट्टी चिमट्यात उभी टांगली आणि खालच्या कडेला बर्नरची ज्योत 12 सेकंद धरून बाजूला घेतली. ज्योत सरसर वर चढली आणि थोड्या वेळात चिमट्यापर्यंत पोचली. अग्निरोधक कापड असं जळत नाही.

ही भीती उगाच नाही. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या मंडी डबवाली इथे एका शाळेच्या बक्षीस समारंभात सिंथेटिक कापडाच्या मांडवाने पेट घेतला. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलं खूप होती. म्हणून आज या रसायनांविषयी लिहितो. ती काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे कळलं की कुठे लावावीत आणि कुठे नाही हेही ठरवता येतं. माझं मत आधीच सांगतो: रंगमंचाच्या पडद्याला ती हवीतच, घरातल्या सोफ्याच्या फोमला नकोत.

आता आधी एक साधी गोष्ट बघा. कापड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्योतीत जळतो तो वायू. सुती कापड म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. सुमारे 300 ते 350 अंश सेल्सिअसला ही साखळी तुटते आणि तिच्या कड्यांपासून लेव्होग्लुकोसन नावाचा पदार्थ बनतो. तो पुढे फुटून ज्वलनशील वाफा होतात, त्या हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळतात, त्या उष्णतेने वरचं कापड तापतं आणि तिथूनही वाफा निघतात. पट्टीवर ज्योत वर चढते ती अशी. हे चक्र दोन ठिकाणी तोडता येतं: कापडातून वाफ निघतानाच, किंवा निघालेली वाफ ज्योतीत जळताना.

पहिली जागा म्हणजे कापड. साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतलं की काळा फुगीर कोळसा वर येतो, हा प्रयोग तुम्ही वर्गात पाहिला असेल. आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्बन मागे राहतो. फॉस्फेट लावलेलं सुती कापड तापलं की हेच घडतं. अमोनियम फॉस्फेटमधून अमोनिया निघून जातो आणि उरलेलं फॉस्फोरिक आम्ल सेल्युलोजच्या OH गटांना जाऊन चिकटतं. लेव्होग्लुकोसन बनायला जो OH गट लागतो तोच अडवला जातो, आणि वाफेच्या वाटेऐवजी सेल्युलोज कोळशाच्या वाटेला लागतं:

C6H10O5 → 6C + 5H2O

या समीकरणाचा हिशोब करून बघा. 162 ग्रॅम सेल्युलोजपासून जास्तीत जास्त 72 ग्रॅम कार्बन आणि 90 ग्रॅम पाणी. लेव्होग्लुकोसनचं सूत्रही C6H10O5 हेच आहे, म्हणजे त्या वाटेने गेलं तर 162 च्या 162 ग्रॅमचं इंधन झालं. कोळशाच्या वाटेने गेलं तर निम्म्याहून अधिक वस्तुमान पाणी होऊन निघून जातं, आणि पाणी काही जळत नाही. प्रत्यक्षात हिशोब इतका स्वच्छ लागत नाही, काही वाफा निघतातच. पण ज्योत टिकायला लागतं तेवढं इंधन मिळत नाही. गंमत म्हणजे असं कापड साध्या कापडापेक्षा कमी तापमानाला काळं पडतं. ‘रसायन लावलं तरी लवकर करपलं’ अशी तक्रार ऐकू येते, पण ते लवकर करपणं हेच त्याचं काम आहे!

ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या नाट्यगृहांतल्या आगींमुळे फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांच्याकडे हे काम सोपवलं होतं. 1821 मध्ये त्यांनी अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराइड आणि बोरॅक्स यांची मिश्रणं सुचवली. दोनशे वर्षं झाली, सुती पडद्यांवर अजूनही याच घराण्यातले क्षार मारतात.

आमच्या पट्टीसाठी मी सगळ्यात सोपं मिश्रण घेतलं: 70 ग्रॅम बोरॅक्स, 30 ग्रॅम बोरिक आम्ल, साधारण 700 मिलिलिटर गरम पाणी. पडद्याची दुसरी पट्टी त्यात बुडवली, पिळली, वाळवली. वजन 10 वरून 11 ग्रॅमच्या आसपास आलं. पुन्हा 12 सेकंद ज्योत. खालचा भाग काळा झाला, बर्नर बाजूला घेताच ज्योत विझली, वरचं कापड जसंच्या तसं. बोरॅक्स तापून वितळतं आणि धाग्यावर काचेसारखा थर धरतं, त्यातलं पाणीही बाहेर पडतं. बोरिक आम्ल कोळसा व्हायला मदत करतं, आणि ज्योत विझल्यावर कडेला जो लाल निखारा धुमसत राहतो त्यालाही थोपवतं. नुसतं बोरॅक्स ज्योत विझवतं पण निखारा सोडतं, म्हणून दोन्ही लागतात.

मग तिसरी पट्टी. तीही बुडवून वाळवली, पण नंतर बादलीभर पाण्यात दहा मिनिटं खळबळली आणि पुन्हा वाळवली. वजन परत 10 ग्रॅमवर. ज्योत लावली, वरपर्यंत जळाली. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल पाण्यात विरघळतात, धाग्याला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, मग राहतील कसे? आमच्या पडद्यावरचा मूळ थर कोणता होता ते दुकानदारालाही सांगता आलं नाही, पण त्याचंही धुलाईत हेच झालं असणार.

धुलाईला टिकणारे प्रकार आहेत. काहींत फॉस्फरसचं संयुग धाग्याच्या आत शिरवून तिथेच त्याचं न विरघळणारं बहुवारिक करतात, काहींत ते सेल्युलोजला बंधानेच जोडतात. पॉलिएस्टरच्या चांगल्या पडद्यांत तर धागा बनवतानाच फॉस्फरस साखळीत गुंफलेला असतो. पण इथेही एक मेख आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाने धुतलं की कापडावर कॅल्शियमच्या साबणाचा साका बसतो, आणि तो स्वतः जळतो. आतलं रसायन शाबूत असूनही कापड चाचणीत नापास होऊ शकतं. (आमच्याकडच्या बादल्यांच्या कडेला बसणारा पांढरट थर आठवा.) आणि बोरॅक्सचं पाणी सुती कापडापुरतंच, बरं का. पॉलिएस्टर ते पाणी नीट शोषत नाही. मिश्र कापडावर तर भरवसाच ठेवू नका: नुसतं पॉलिएस्टर वितळून ज्योतीपासून मागे सरतं, पण मिश्र कापडात सुताचा कोळसा त्याला वातीसारखा धरून ठेवतो.

आता दुसरी जागा, ज्योत. तिथे मुक्त मूलकांचं राज्य असतं. एक H मूलक ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो आणि OH व O असे दोन नवे मूलक तयार होतात. तेही पुढे क्रिया करतात, आणि सगळी बेरीज केली तर एका H चे तीन H होतात. ज्योत इतकी झपाट्याने वाढते ती या गुणाकारामुळे. ब्रोमीनचं संयुग तापून फुटलं की त्यातून HBr मिळतो, आणि तो हेच मूलक टिपतो:

H + HBr → H2 + Br
OH + HBr → H2O + Br

सुटा झालेला Br इंधनाच्या रेणूतून हायड्रोजन घेऊन पुन्हा HBr होतो आणि कामाला लागतो. म्हणून थोडंसं ब्रोमीन पुरतं. ब्रोमीनच का? कार्बन-फ्लोरीन बंध इतका मजबूत की वेळेवर तुटत नाही, कार्बन-आयोडीन इतका कच्चा की उजेडानेही तुटतो. ब्रोमीनचा बंध पदार्थ जळू लागतो त्याच सुमारास तुटतो. क्लोरीनचाही वापर होतो, पण ते ब्रोमीनइतकं प्रभावी नाही.

याची किंमतही त्याच समीकरणांत लपलेली आहे. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो तो मुख्यतः OH मूलकामुळे. OH च टिपून टाकला तर कार्बन मोनॉक्साइड तसाच उरतो, काजळी आणि धूर वाढतो. आग मंदावते पण धूर जास्त विषारी होतो, आणि आगीत पुष्कळ माणसं भाजण्याआधी धुराने जातात.

सोफ्याच्या पॉलियुरेथेन फोममध्ये हीच रसायनं बरीच वर्षं मिसळली गेली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1975 पासून नियम होता की उघड्या फोमने 12 सेकंद लहान ज्योत सोसली पाहिजे. पण घरात फोम उघडा कुठे असतो? त्यावर कापडाची खोळ असते. आधी खोळ पेटते, आणि फोमपर्यंत पोचेस्तोवर ज्योत मेणबत्तीएवढी राहिलेली नसते. त्या मोठ्या ज्योतीपुढे एवढं रसायन अपुरं पडतं. शिवाय ही रसायनं फोमला बंधाने जोडलेली नसतात. हळूहळू बाहेर येतात, घरच्या धुळीत मिसळतात आणि जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जातात. फोममधलं एक प्रमुख ब्रोमीनयुक्त मिश्रण 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये चाचणी बदलली: आता खोळीचं कापड धुमसत्या सिगारेटसमोर टिकतं का ते पाहतात, आणि फोममध्ये रसायन घालायची गरज उरली नाही.

यावर ब्रिटनचं उदाहरण दिलं जातं. तिथे 1988 पासून कडक नियम आहेत आणि नंतर आगीतले मृत्यू घटले. पण त्याच काळात लोकांनी सिगारेटी कमी केल्या आणि घरोघरी धुराची सूचना देणारी यंत्रं बसली. श्रेय नेमकं कुणाचं यावर तिथेच वाद आहे, त्यामुळे मला तो पुरावा पुरेसा वाटत नाही.

पडद्याचं गणित वेगळं आहे. तो उभा टांगलेला असतो, म्हणजे ज्योतीला चढायला तयार शिडीच. शेजारी तापलेले दिवे आणि समोर पाचशे मुलं. त्यावर कोणी झोपत नाही की रांगत नाही. आणि सुती पडद्याला ब्रोमीनची गरजही नाही, फॉस्फेट किंवा बोरॅक्सचा कोळशाचा मार्ग पुरतो.

यंदा आम्ही पडदा धुवून आणला, फवारणीच्या पंपाने दोन्ही बाजूंनी बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारलं आणि दोन दिवस वाळवला. हातमोजे आणि मास्क घालून काम केलं, मुलांना लांब ठेवलं. दुमडीतून पुन्हा एक पट्टी कापून तपासली, विझली. फाईलमधल्या जुन्या कागदावर आता फवारणीची तारीख पेन्सिलने लिहिली आहे. पुढची धुलाई झाली की ती खोडायची, असं शिपाईमामांना सांगून ठेवलंय.