यादीत नसलेला कांदा

8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा कळवण तालुक्यातले लोक समाजमाध्यमांवर काय बोलत होते? पत्रकारितेच्या एखाद्या विद्यार्थ्याने शब्द मोजून हे शोधायचे म्हटले, तर पहिली ठेच गावाच्या नावालाच लागेल. ‘कळवण’ने सुरू होणारे शब्द मागितले की राज्यभरातल्या ‘सर्वांना कळवण्यात येते’ छापाच्या सूचना जाळ्यात येतात. ‘कळवणला’, ‘कळवणमध्ये’ अशी रूपे हाताने निवडूनच ही भेसळ निघते.

पुढे शब्द सुटे करायचे. पायथनमध्ये त्यासाठी सर्रास वापरले जाणारे `CountVectorizer` मुळात ज्या नियमावर चालते, तो काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षराचा भागच मानत नाही. तिथे शब्द तुटतो, आणि एकटे उरलेले अक्षर फेकले जाते. ‘कळवण’ आणि ‘गड’ शाबूत राहतात, ‘शेतकरी’चा ‘तकर’ होतो, ‘कांदा’ आणि ‘भाव’ तर यादीतूनच नाहीसे होतात. यादीत ‘तकर’ दिसला की मोजणी तिथेच थांबवावी आणि शब्द मोकळ्या जागांवर व विरामचिन्हांवर तोडावेत. मग ‘कांदे’, ‘कांद्याला’, ‘कांद्याचा’ आणि रोमन लिपीतला `kanda` एका नावाखाली आणावेत.

एवढे करूनही आकडा फसवतो. समजा, एकच मजकूर दोनशे जणांनी जसाच्या तसा पुढे पाठवला आणि त्यात ‘कांदा’ दोनदा आहे. मोजणीत चारशे भरतात, लिहिणारा मात्र एकच असतो. म्हणून शब्द किती वेळा आला याच्या शेजारी तो किती खात्यांवरून आला आणि वेगळे मजकूर किती, हेही छापलेच पाहिजे.

आणि ही खाती कोणाची? 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात 38 होत्या, पुरुष 61च्या वर. बंद व्हॉट्सअॅप गटांतले बोलणे तर अभ्यासकाला दिसतच नाही. घरी कोकणा किंवा अहिराणी बोलणारा माणूस लिहिताना बहुधा प्रमाण मराठीकडे वळतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे शब्द मोजणीत कमीच येतात. अशा यादीवर ‘कळवणचे मत’ असा मथळा देणे मला चुकीचे वाटते. ‘जाहीर लिहिणाऱ्या इतक्या खात्यांचे शब्द’ एवढेच म्हणता येईल.

डिसेंबर म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागणीचे दिवस. वाफ्यात वाकून रोपे लावणाऱ्या बाईची चिंता ‘निर्यात’ या शब्दात नसते, ‘रोज’ या शब्दात असते: आज रोज मिळेल का, किती मिळेल. तिने ते कुठे लिहिलेच, तरी ‘आणि’, ‘पण’, ‘आहे’ असे भरीचे शब्द गाळताना ‘दररोज’ या अर्थाचा समजून हा ‘रोज’ही गाळला जाण्याची भीती आहे. गाळायच्या यादीत कोणताही शब्द टाकण्याआधी तो ज्या वाक्यांत आला, ती वाक्ये वाचायला हवीत.