खालांना कळेल असा निरोप

निरोप साफ करायचा म्हणजे इंग्रजी शब्द वेचून फेकायचे, हे मला पटत नाही. धाकट्या भावाने खालांसाठी लिहिलं होतं: “टेस्ट पोस्टपोन झाली. ट्यूजडे मॉर्निंगला फास्टिंग शुगर.”

‘पुढे ढकलली’, ‘मंगळवारी सकाळी’ एवढं मी बदललं. ‘टेस्ट’ आणि ‘शुगर’ राहू दिले. खाला स्वतः तेच म्हणतात. ‘रक्तशर्करा’ वाचून उगाच घाबरल्या असत्या.

खरी अडचण ‘फास्टिंग’ची. ‘रोजा’ लिहिलं, तर सवयीने सहरीला उठून खातील आणि नंतर पाणीही पिणार नाहीत. टेस्टला नेमकं उलट हवं. म्हणून सरळ लिहिलं: “सोमवारी रात्री दहानंतर काही खाऊ नका. सकाळचा चहाही टेस्टनंतरच. साधं पाणी चालेल. सातला न्यायला येतो.”