मखाणा कुरकुरीत करायला तूप लागत नाही

आषाढी एकादशी येते ऐन पावसाळ्यात. निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावात किराणा दुकानातून आणलेला मखाणा तेव्हा हमखास सादळलेला असतो. मग सल्ला मिळतो : कढईत तूप तापवा, आच मोठी करा, मखाणे टाका, चार मिनिटांत तांबूस झाले की उतरवा. हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो.

मखाणा आपल्याकडे येतो तो मुख्यतः बिहारमधून, दरभंगा-मधुबनीकडून. तिथे तळ्यातलं बी भाजतात, गरम असतानाच लाकडी थापीने ठोकतात आणि ते फुटून पांढरी लाही होते. म्हणजे तो शिजलेलाच असतो. आपल्याला फक्त त्यात शिरलेली दमट हवेतली ओल काढायची असते, आणि ओल मोठ्या आचेने निघत नाही. वरची बाजू करपते, आत वातडपणा तसाच राहतो. म्हणून रंगावर विसंबू नये. नीट भाजलेला मखाणा पांढराच असतो, फार तर त्यावर फिकट सोनेरी ठिपके येतात.

तुपाचंही तसंच. तूप आधी घातलं की ही सच्छिद्र लाही ते शोषून घेते, जड होते आणि तरीही चिवट राहते. तुपाने चव येते आणि मीठ चिकटतं, हे खरंच आहे. पण त्यासाठी भाजून झाल्यावर चमचाभर तूप पुरतं.

पन्नास ग्रॅम मखाणे घ्या. ते तीन वाट्यांच्या आसपास भरतात. जाड बुडाची, मोठ्या तोंडाची कोरडी कढई मंद आचेवर ठेवून त्यात ते दहा-बारा मिनिटं सतत परता. सातव्या-आठव्या मिनिटाला हात थांबवावासा वाटतो, पण तेव्हा नेमका मधला गाभा मऊ असतो. एक मोठा दाणा काढून मिनिटभर गार करा आणि चिमटीत दाबा. कट्‌कन मोडून चुरा झाला तर झालं. दबून परत फुगला तर आणखी दोन मिनिटं. गरम दाण्यावरून काही ठरवू नका, तो नेहमीच मऊ लागतो.

मायक्रोवेव्हने मखाणा बिघडतो असंही म्हणतात. बिघडतो तो सलग तीन-चार मिनिटं ठेवल्यामुळे. त्याची उष्णता सगळीकडे सारखी पडत नाही, त्यामुळे बाहेरून पांढऱ्या दिसणाऱ्या दाण्याचा गाभा आतून काळा पडतो आणि जळका वास येतो. निम्मेच मखाणे काचेच्या ताटलीत एका थरात, झाकण न ठेवता पसरा. पूर्ण शक्तीवर एक मिनिट, हलवा, पुन्हा एक मिनिट, हलवा. मग तीस-तीस सेकंद, दर खेपेला तीच चिमटीची परीक्षा. बहुधा अडीच-तीन मिनिटांत काम होतं.

डब्यात भरायचे ते पूर्ण गार झाल्यावरच. कोमट भरले तर त्यांचीच वाफ आत अडकते आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा सादळतात. तसं झालंच तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं पुरेत.