वाकड्या बोटांकडे बघण्याआधी तळव्याला स्पर्श कळतो का ते पाहा

चोरखमारा परिसरात धानाची शेती करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. तक्रार साधीच होती. पायाची बोटे वाकडी झाली आहेत आणि त्यांवर घट्टे पडले आहेत. मेडिकलमधून आणलेली कुरूप काढायची पट्टी त्यांनी लावली होती. पट्टीखालची कातडी चांगलीच भाजून निघाली होती. मी विचारले, "दुखलं नाही का?" ते म्हणाले, "नाही साहेब, काहीच कळलं नाही."

त्यांच्या तपासणीत मला सगळ्यात महत्त्वाचे हेच वाक्य वाटले.

आधी बोट का वाकते ते समजून घेऊ. बोटे वाकवणारे आणि वर उचलणारे मोठे स्नायू पोटरीत आणि नडगीपुढे असतात. त्यांच्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात. तळव्यातले छोटे स्नायू बोटाचे मूळ खाली धरतात आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात. हे छोटे स्नायू कमजोर झाले की मोठ्या दोऱ्यांना अडवायला कोणी उरत नाही. मग मूळ वर उचलले जाते आणि पुढचे दोन्ही सांधे खाली वाकतात. हे झाले पंजासारखे बोट, म्हणजे क्लॉ टो. हॅमर टोमध्ये मुख्यतः मधला सांधा वाकतो. ते बहुधा एखाद्याच बोटाला होते, आणि अनेकदा आखूड किंवा टोकाला निमुळत्या बुटांमुळे होते.

या गृहस्थांनी बूट कधी घातलेच नव्हते. तरीही एका पायाची बोटे एकत्र वाकली होती. अशा वेळी मी नसेचा विचार करतो. पायाच्या आतल्या घोट्यामागून जाणारी टिबियल नस तळव्यातल्या छोट्या स्नायूंना चालवते आणि तळव्याला स्पर्शही देते. त्यामुळे बोटे वाकणे आणि तळवा बधिर होणे बरोबरच येते. त्यांची ती नस जाड लागली, दाबल्यावर दुखली. पाठीवर फिकट, बधिर चट्टा होता. निदान कुष्ठरोगाचे झाले.

पूर्व विदर्भात हा आजार अजून संपलेला नाही. म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडे वाकड्या बोटांच्या प्रत्येक रुग्णाचा तळवा तपासल्याशिवाय पॅड किंवा पट्टी देऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनाही हेच लागू आहे.

तपासणी घरीही करता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. बॉलपेनचे टोक अंगठा, करंगळी, बोटांखालची गादी आणि टाच येथे हलकेच टेकवा. कुठे टेकवले ते त्याने बोट ठेवून दाखवायचे. एखादी जागा सांगता आली नाही, तर डॉक्टरकडे जा.

कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायची असतात. नसेची ताकद गेल्याला सहा महिने झाले नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड दिल्याने ती परत येऊ शकते. त्यामुळे उशीर नको.

स्पर्श शाबूत असेल आणि बोट हाताने सरळ होत असेल, तर बोटांखाली ठेवायचा मऊ टेकू किंवा वाकलेल्या सांध्यावर सिलिकॉनचे आवरण उपयोगी पडते. बधिर पायाला मात्र चिकटपट्टी, घट्ट पॅड आणि कुरूप काढायचे औषध नको. घट्टा ब्लेडने कापू नका. पाय वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, घट्टा हलकेच घासा आणि तेल लावा.

चप्पल मऊ एमसीआर रबराची हवी, खिळे नसलेली आणि मागे पट्टा असलेली. कुष्ठरुग्णांना ती सरकारी योजनेतून मिळते. मी कागदावर उभ्या पायाची रेघ काढून घेतो. चप्पल त्या रेघेबाहेर थोडी उरली पाहिजे. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा पाहा. चिखलात रोवणी करून आल्यावर पाय धुऊन तळवा आरशात बघा.

शस्त्रक्रियेचा निर्णय एका गोष्टीवर ठरतो: बोट हाताने सरळ होते का? होत असेल, तर बोट वाकवणारी दोरी वरच्या बाजूला वळवून बांधतात, म्हणजे तीच दोरी बोटाचे मूळ खाली आणते. बोट ताठ झाले असेल, तर सांध्याचा थोडा भाग काढून तो सरळ जोडतात आणि काही आठवडे तार ठेवतात. कुष्ठरोगात आजार शांत झाल्यावर, किमान सहा महिने रिअॅक्शन नसताना आणि पायावर जखम नसताना हे करतात.

आमच्या रुग्णाची बोटे अजून लवचिक आहेत, म्हणून औषधे संपल्यावर दोरी वळवायचा विचार करू. पण मी त्यांना आधीच सांगितले आहे: शस्त्रक्रियेने बोट सरळ होईल, स्पर्श परत येणार नाही. ती चप्पल आणि संध्याकाळचा आरसा आयुष्यभर सोबत राहील.